मावशीच्या वाक्यांतला पाहुणा

त्या जिन्यावर एक गोष्ट कुजबुजत फिरायची, आणि सांगणारा सांगण्याआधी मागे वळून बघायचा. वर स्पॅनिशचा क्लास चालवणाऱ्या बाईंच्या घरात म्हणे कोणीतरी राहतं. बाई त्याच्याशी बोलतात, त्याला चहा देतात, घराची किल्लीसुद्धा त्याच्याकडे आहे. फक्त त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो दिसायला लागतो.

ही गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली म्हणून विचाराल, तर जिन्यावरचे सगळे समोरच्या काकूंकडे बोट दाखवतील. काकूंचं दार आणि क्लासचं दार समोरासमोर. काकूंना छेडलं तर त्या आधी म्हणायच्या, "मी कशाला कोणाच्या घरातलं सांगू बाई," आणि मग पदर खोचून सगळं सांगायच्या.

क्लास म्हणजे मावशीच्या घराचीच पुढची खोली. खाली चष्म्याचं दुकान, बाजूने अरुंद जिना, वर हे घर. खोलीत एक फळा, दुमडायच्या खुर्च्या, खिडकीत एक बंद पडलेलं घड्याळ आणि खुंटीला एक जुनी काळी छत्री. छत्री पावसासाठी नव्हती. ती शिकवायची छत्री होती. तिच्यावर कित्येक नर्सा, कित्येक आचारी, कित्येक हॉटेलवाले स्पॅनिश शिकून परदेशी गेले होते.

मावशीचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याच्या काकूंकडे तीन वेगवेगळ्या हकिकती होत्या आणि तिन्ही त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. घरात दुसरी होती ती भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजसाठी म्हणून आली ती राहिलीच. मावशीकडेच भाषा शिकली आणि आता नव्या मुलांचा वर्ग तीच घ्यायची.

मावशीचा खरा दरारा होता तो एका गोष्टीचा. स्पॅनिशमध्ये 'मी', 'तो', 'ती' हे शब्द असतात, पण बोलताना बहुतेक वेळा गाळतात. क्रियापदाच्या शेपटीवरूनच कळतं, कोण बोलतंय. नवीन विद्यार्थी मात्र प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी 'यो', म्हणजे 'मी', लावून यायचा. मावशी हात वर करायची.

"सारखं काय 'यो यो'? कोणी तुमच्याशी भांडतंय का? मराठीत 'जेवलास का' विचारलं तर नुसतं 'जेवलो' म्हणता ना? 'मी जेवलो' असं म्हणणारा शेजारच्या उपाशाला टोमणा मारत असतो."

मग यायची 'लो' आणि 'ला' ही मंडळी, म्हणजे त्याला, तिला, ते, ती. "ही चिल्लीपिल्ली आहेत," मावशी सांगायची. "साधं वाक्य असलं की क्रियापदाच्या पुढे धावतात. 'लो बी', पाहिलं त्याला. हुकूम सोडला की मागून पदर धरून लोंबतात. 'दामेलो', दे मला ते. आणि 'नको देऊस' म्हटलं की पुन्हा पळत पुढे. 'नो मे लो देस'." असं म्हणत ती छत्री एकाच्या हातात द्यायची, दुसऱ्याकडून मागायची, तिसऱ्याला नको म्हणायची. तासाभरात वर्गातल्या आचाऱ्याचीही जीभ वळायची.

पण एक नियम तिने फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवला होता. पुसणाऱ्याची खैर नव्हती. आधी आत आणा, मग गाळा. म्हणजे कोणाबद्दल बोलताय त्याचं नाव एकदा तरी घ्या. ऐकणाऱ्याच्या मनात तो माणूस नीट येऊ दे, बसू दे. मग खुशाल नाव सोडा.

एकदा वर्गातल्या एका नर्सने उठून एकदम सुरुवात केली, "येगो तार्दे." उशिरा पोचला. किंवा पोचली, कारण स्पॅनिश क्रियापद त्यातलं काहीच सांगत नाही. मावशीने मान वळवली आणि रिकाम्या खुर्चीकडे टक लावून बघत राहिली.

"कोण?" तिने हळूच विचारलं. "तू आत कोणाला तरी आणलंयस. मला दिसत नाहीये."

नर्स त्या खुर्चीवर पुन्हा कधी बसली नाही.

तर अशी ही मावशी. आणि भाचीपुढचा प्रश्न होता, तिला एकटीला सोडून जाता येईल का.

भाचीला एका जहाज कंपनीत नोकरी लागली होती. दूरच्या बंदरावर, प्रवाशांच्या स्वागताला. महिनाअखेरीला रुजू व्हायचं होतं. मावशी ऐकून नुसती म्हणाली होती, "जा. इतके जातात, तूही जा." कपडे काढून ठेवले होते, बॅग पलंगाखालून बाहेर आली होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत भाचीला घरात ते जाणवू लागलं.

सुरुवात कपाने झाली. संध्याकाळी ती बाहेरून आली तर मोरीत दोन कप.

"कोण आलं होतं गं?"

"आला होता," मावशी म्हणाली.

"कोण?"

"अगं, आला होता. बसला, चहा घेतला, गेला."

एवढ्यावर कोणी घाबरत नाही. भाची पण घाबरली नाही. दोन दिवसांनी पुन्हा दोन कप.

"आज कोण?"

"आली होती. फार बसली नाही."

"परवा 'आला होता' म्हणालीस."

"तेच गं," मावशी म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

मग एका संध्याकाळी "आले होते" झालं. एकच पाहुणा आधी पुरुष, मग बाई, मग दोघं, असा काही प्रकार भाचीला कळेना. ती नाव विचारायची आणि मावशी एखादा डास वारावा तशी हात हलवायची. "येतात ना ते. तुला माहीत आहेत की."

भाचीला माहीत नव्हते.

मग तिच्या लक्षात आलं की मावशीच्या बोलण्यातून माणसं पातळ होत चालली आहेत. मराठीत 'आला', 'गेली' म्हटलं तर निदान कळतं, बाप्या होता की बाई. पण 'चहा घेतला' म्हटलं तर ते 'घेतला' चहाच्या मागे जातं. कोणी घेतला त्याचा पत्ता नाही. 'पत्र वाचलं', 'खिडकी लावली', 'विचारलं', 'सांगितलं', यांच्यात करणारा पावलाची खूणच ठेवत नाही. आणि हल्ली मावशी बहुतेक असंच बोलायची. भाची एकदा स्वयंपाकघरात उभी असताना पुढच्या खोलीतून मावशीचा आवाज आला, "दार उघडलं."

भाची बाहेर आली. दार उघडं होतं. जिन्यावर कोणी नव्हतं.

"कोणी उघडलं?"

"उघडलं," मावशी शांतपणे म्हणाली. वाऱ्याने उघडलं, तिने उघडलं, की आणखी कोणी, त्या एका शब्दात सगळ्यांना जागा होती.

मग किल्लीचं निघालं. मावशीची किल्ली नेहमी फळ्याच्या खालच्या खिळ्याला असायची. खिळा रिकामा दिसला.

"किल्ली कुठे गेली?"

"दिली."

आता 'दिली' म्हणजे मी दिली, की त्याने कोणाला दिली? मराठीत दोन्ही सारखंच दिसतं. भाची शेवटी त्याच घरात शिकलेली. तिने डाव टाकला आणि प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारला, कारण तिथे क्रियापद देणाऱ्याला लपू देत नाही.

"से ला दी," मावशी पटकन म्हणाली.

'दी' म्हणजे मीच दिली. 'ला' म्हणजे किल्ली. राहिला 'से', म्हणजे ज्याला दिली तो. आणि हा 'से' महाबिलंदर. खरा शब्द 'ले', पण 'ले' आणि 'ला' शेजारी बसत नाहीत म्हणून तो सोंग बदलून 'से' होतो, आणि एकदा सोंगात शिरला की तो आहे, ती आहे, की चारचौघं आहेत, कळायला मार्ग नाही. मावशीनेच हे शिकवलं होतं, हसत हसत. भाचीला आज हसू आलं नाही. ती परत मराठीवर आली.

"कोणाला दिली, मावशी?"

"त्याला."

तर एवढं हाती लागलं. मावशीने स्वतः आपल्या हाताने घराची किल्ली एका पुरुषाला दिली होती, आणि तो कोण हे ती सांगत नव्हती. महिनाअखेर जवळ येत होती. अशा घरात या बाईला एकटं ठेवून जहाजावरच्या लोकांचं हसून स्वागत करायचं म्हणजे काळीज दगडाचं हवं.

जिन्यावरची गोष्ट भाचीच्या कानावर आधीच होती. ती तिला वेडगळ वाटायची. आता जिना चढताना ती खाकरायला लागली.

आणि मग ते आवाज. दिवेलागणीची वेळ होती, जिन्यातला दिवा अजून कोणी लावला नव्हता. भाची अर्ध्यावर आली आणि वरून स्पॅनिश ऐकू आलं. बाईचा आवाज, ठणठणीत, तरुण. "डॉक्टरांना पाहिलंस का?" असं ती विचारत होती. थोडा वेळ शांत. मग दुसरा आवाज, दमलेला. "लो बी." पाहिलं त्यांना. आणि लगेच पहिला आवाज पुन्हा, तेच शब्द, जणू पाठ थोपटल्यासारखे: "लो बी."

भाचीने कठडा धरला. दमलेला आवाज मावशीचा होता.

"शेजारणीला किल्ली दिलीस का?" तरुण आवाजाने विचारलं.

शांतता. एक बारीक खरखर, कोणीतरी कोरडा श्वास घेत असल्यासारखी. मग मावशी: "से ला दी." आणि त्यावर तरुण आवाज: "से ला दी."

भाचीच्या अंगावर काटा आला तो आत्ता. कारण तरुण आवाजही मावशीचाच होता.

समोरचं दार बोटभर उघडलं. काकूंचा एक डोळा दिसला.

"ऐकलंस?" काकू कुजबुजल्या. "मी सांगत नव्हते? बाईंच्याच आवाजात बोलतं ते. माणसाच्या आवाजात शिरून."

"काकू, तुमच्याकडे आमची किल्ली आहे का?"

काकूंचा डोळा मोठा झाला. "माझ्याकडे? माझं नाव घेतलं का त्याने? काय म्हणालं?"

"शेजारणीला किल्ली दिली म्हणालं."

दार लागलं. आतून कडी, मग साखळी, मग काहीतरी जड सरकवल्याचा आवाज. काकूंनी ती रात्र देवाचं नाव घेत काढली असावी, आणि दुसऱ्या दिवशी ही हकिकत खालच्या फळवाल्यापर्यंत पोचली, तेव्हा तिच्यात किल्ली रक्ताने माखली होती.

भाची आत गेली तेव्हा मावशी खुर्चीत एकटीच होती. मांडीवर जुना टेबलक्लॉथ गोळा करून बसली होती.

"कोणाशी बोलत होतीस?"

"विचारत होती," मावशी म्हणाली. "सांगितलं."

दुसऱ्या दिवशी भाची मावशीच्या वर्गात मागे जाऊन बसली. मावशीने छत्री उचलली, उंच धरली आणि नर्सकडे पाहून भुवया उडवल्या. नर्स म्हणाली, "एल पारागुआस." छत्री. मावशीने मान डोलावली, आणि मग खेळ सुरू झाला. दे मला. नको देऊस. दिली त्याला. छत्री वर्गभर फिरली. मावशीने वही दाखवली, वहीचं नाव आचाऱ्याने घेतलं. पेला दाखवला, नाव आणखी कोणी घेतलं. मावशीचे 'लो' आणि 'ला' कुठे चुकले नाहीत. हुकमाला मागे, नकाराला पुढे, सगळं जिथल्या तिथे. विद्यार्थी खूश होते.

"बाईंनी हल्ली काय पद्धत काढलीये," वर्ग सुटल्यावर नर्स भाचीला म्हणाली. "नाव आम्ही घ्यायचं, पुढचं त्यांनी. कधीच स्वतः नाव घेत नाहीत. आम्हाला वाटलं परीक्षेसाठी असेल."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. मी म्हटलंसुद्धा, बाई, तुमचाच नियम आहे ना, आधी आत आणा. तर म्हणाल्या, तुम्ही आणा, मी दमले."

भाचीने फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. नियम पुसला गेला होता. कोणी पुसला, विचारायची तिला इच्छा झाली नाही.

ती थेट खाली उतरली. जिन्याच्या तोंडाशीच चष्मेवाल्याचं दुकान. वर जाणाऱ्या कोणालाही त्याच्या काचेसमोरूनच जावं लागतं. तो पोटावर हात ठेवून बसलेला, चकचकीत टकलाचा माणूस. बायको गल्ल्यावर.

"काका, संध्याकाळी आमच्याकडे वर कोण जातं, पाहिलंय का तुम्ही?"

"पाहायचं काय त्यात? मीच जातो."

भाची खुर्चीत बसली. खुर्ची डोळे तपासायची होती, ती मागे कलली.

चष्मेवाल्याने खण उघडला. चष्म्याच्या दोरीला बांधलेली मावशीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "आठवडा-दीड आठवडा झाला असेल. तुझी मावशी दाराबाहेर उभी होती. दार लागलेलं, किल्ली आत. मग एक तार वाकडीतिकडी करून मी उघडलं. मी म्हटलं, एक माझ्याकडे ठेवा. तेव्हापासून दुकान बंद करताना एकदा डोकावतो. कधी ही जाते. चहा पाजल्याशिवाय सोडतात का त्या? तुला सांगितलं नाही त्यांनी?"

"सांगितलं," भाची म्हणाली. "आला होता. आली होती. आले होते."

"मग झालं तर," चष्मेवाली म्हणाली.

भाचीला इतकं हलकं वाटलं की ती हसायला लागली. पाहुणा म्हणजे हे टक्कल. तिच्या डोळ्यांसमोर बंदर आलं, जहाज आलं, बॅगेची चेन लागलेली दिसली. ती उठणार तेवढ्यात चष्मेवाला म्हणाला, "डोळ्यांचं काय केलंत पुढे?"

"कोणाच्या डोळ्यांचं?"

"त्यांच्या. आल्या होत्या ना दाखवायला. दिसत नाही म्हणाल्या. मी सगळं तपासलं, काही नाही. अक्षरं खालच्या ओळीपर्यंत वाचली. मग म्हटलं चित्रांचा तक्ता दाखवून बघू, तो लहान मुलांचा, त्यांना वाचता येत नाही म्हणून असतो." त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला. घर, सफरचंद, मासा, कात्री. "तर त्या गप्प. मी म्हटलं, हे काय आहे? म्हणाल्या, 'यात राहतात.' हे? 'खातात.' कात्रीला म्हणाल्या, 'तिने कापतात.' मला वाटलं गंमत करतायत. तुझी मावशी चेष्टेखोर आहेच." तो थांबला. "डोळे ठणठणीत आहेत. मी चष्मा दिला नाही."

दुकानातल्या साऱ्या चष्म्यांच्या काचा भाचीकडे बघत होत्या. 'तिने कापतात.' कात्री म्हणजे ती. नावाचा पत्ता नाही, आणि 'ती' मात्र बरोबर.

वर येऊन तिने खुंटीवरची छत्री काढली आणि मावशीच्या समोर उभी राहिली. खिडकीतून शेवटचा उजेड येत होता. मावशीने मान वर केली.

"के एस एस्तो?" भाचीने स्पॅनिशमध्ये विचारलं. हे काय आहे?

मावशीने छत्रीकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "दामेलो."

दे मला ते. 'लो' पुल्लिंगी, आणि स्पॅनिशमध्ये छत्री पुल्लिंगी असते. मागे लोंबकळणारं पोर जिथे हवं तिथे होतं.

"मराठीत सांग. हे काय आहे?"

"ती दे इकडे. काय पोरखेळ लावलायस."

ती. मराठीत छत्री स्त्रीलिंगी. मावशीला दोन्ही भाषांत त्या शब्दाचं लिंग माहीत होतं, त्याची जागा माहीत होती, तो कोणाच्या पुढे धावतो आणि कोणाच्या मागे लोंबतो हे माहीत होतं. खुर्चीवर नुकतंच कोणी बसून गेल्यासारखी ती जागा ऊबदार होती. बसणाराच नव्हता.

"नाव सांग ना, मावशी."

मावशीने तोंड उघडलं. ती दाराकडे बघायला लागली, आणि भाचीनेही नकळत तिकडे पाहिलं.

"येतं," मावशी म्हणाली. "दारापर्यंत येतं. उभं राहतं. आत येत नाही."

भाची खाली बसली. मांडीवर छत्री.

"किती दिवस चाललंय हे?"

"असेल बरेच दिवस."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आणि तू निघाली होतीस. सांगितल्यावर गेली असतीस का?"

मग मावशीने मांडीवरचा टेबलक्लॉथ बाजूला केला. खाली तिचा जुना टेपरेकॉर्डर होता. उमेदीच्या काळात तिने क्लाससाठी स्वतःच्या आवाजात कॅसेट भरल्या होत्या. टेपवरची मावशी प्रश्न विचारायची, त्या प्रश्नात सगळी नावं असायची, डॉक्टर, शेजारीण, किल्ली, पत्र. मग उत्तरासाठी मोकळी जागा. मग बरोबर उत्तर. उत्तरात नावं लागतच नाहीत, नावं गाळणं हाच धडा. म्हणून मावशी रोज संध्याकाळी त्या तरुण बाईसमोर विद्यार्थिनी होऊन बसायची.

"ती विचारते तेव्हा कळतं," मावशी म्हणाली. "किल्ली म्हणते, तेव्हा किल्ली असते. मी सांगते. नंतर जाते ती."

"किल्ली जाते?"

"सगळेच जातात."

भाचीच्या जिभेवर एक प्रश्न आला. माझं नाव काय, मावशी? तिला आठवलं, मावशीने तिला नावाने हाक मारून फार दिवस झाले होते. सगळं 'अगं', 'ऐक ना', 'ये इकडे'. एवढी सवयीची हाक की लक्षातच आलं नाही. तो प्रश्न तिने विचारला नाही. उत्तर आलं नसतं तर ती कोणाच्या घरात बसली असती, तिला ठाऊक नव्हतं.

सकाळी तिने कंपनीला फोन केला. "येत नाही," म्हणाली. पलीकडच्याने कोण येत नाही असं विचारलं, तेव्हा तिला आपलं पूर्ण नाव सांगावं लागलं, आणि ते आपल्याच तोंडून ऐकून तिला बरं वाटलं. मग मावशीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेंदूचे फोटो काढले, औषधं दिली, आणि मावशी बरी होईल असं काही म्हणाले नाहीत. अशा दुखण्यात आधी नावं सुटतात, म्हणाले, 'तो-ती' बराच काळ टिकतात, त्यामुळे घरच्यांना उशिरा कळतं. त्यातून यांचं सगळं आयुष्य नावं गाळण्यात गेलेलं.

भाचीने बॅग पलंगाखाली ढकलली आणि घरात बोलायची रीत बदलली. आता नावं ती आणायची. "मावशी, दूधवाला आला होता का?" "आला होता." "चष्मेवाल्या काकांना चहा दिलास?" "दिला." "छत्री खुंटीला लावलीस?" "लावली." मावशी पुन्हा पूर्वीसारखी खटकेबाज बोलायला लागली. बाहेरच्या माणसाला वाटावं, हिला काय धाड भरलीये. क्लाससुद्धा चालू राहिला, दोघींचा मिळून. भाची छत्री उंच धरून नाव घ्यायची, मावशी त्या नावाला मागे-पुढे नाचवायची. त्या वर्षीच्या परीक्षेत नर्सची 'लो' आणि 'ला'मध्ये एकही चूक नव्हती. ती परदेशी गेली, आणि तिकडून आलेल्या पत्रात तिने बाईंच्या नव्या पद्धतीची तारीफ केली.

संध्याकाळी काकू दाराला कान लावायच्या. आतून दोन आवाज यायचे, एक तरुण, एक दमलेला, आणि दोन्हींच्या लकबी सारख्या, कारण भाची मावशीकडेच बोलायला शिकली होती. एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. काकूंना आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान होतं.

कधीतरी भाची दमून गप्प बसायची, प्रश्न विचारायची राहून जायची. अशाच एका संध्याकाळी खिडकीतला उजेड संपत आला होता. मावशी दाराकडे बघत होती. तिचा चेहरा एकदम उजळला, ओळखीचं कोणी दिसावं तसा.

"आली," मावशी म्हणाली.

भाचीने वळून पाहिलं. दार लागलेलं होतं, कडी घातलेली होती. "कोण, मावशी?" तिने विचारलं. मावशीने शेजारची खुर्ची जरा ओढून घेतली आणि त्या खुर्चीकडे बघत मान डोलावली.

त्या घरात मावशी आणि भाची यांच्याशिवाय कोणी राहत नव्हतं. मावशीला नावं आठवत नव्हती.